देवनागरी स्टिकर: वीस कळांवर लावा, बाकीच्या मोकळ्या ठेवा

मराठी टायपिंग शिकायला बसलेला माणूस बहुधा पहिल्याच आठवड्यात स्टिकरचा कागद आणतो आणि सगळ्या कळांवर एकेक चिकटवून मोकळा होतो. मग कोणीतरी त्याला सांगते, की कळांकडे बघून टाइप करायची सवय लागली तर वेग कधीच येणार नाही. तो गोंधळतो. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण सगळ्या कळांना एकच नियम लावला की ते दिसत नाही. काही कळांवर स्टिकरची मुळीच गरज नसते, काहींवर तो पंधरा दिवस पुरतो, आणि मोजक्या कळांवर तो बराच काळ राहिला तरी हरकत नसते. कोणती कळ कशात मोडते हे कीबोर्डच्या रचनेवर ठरते. इथे मी इनस्क्रिप्ट रचनेबद्दलच बोलतो आहे. विंडोजमधला ‘मराठी’ कीबोर्ड याच रचनेवर बेतलेला आहे, आणि मॅक व लिनक्सवरही ती मिळते. इंग्रजी अक्षरांत ‘mi’ लिहून ‘मी’ मिळवणाऱ्यांना देवनागरी स्टिकरचा काहीच उपयोग नाही. त्यांनी हा खर्च करू नये.

स्टिकर कोणत्या रचनेचे आहेत?

बाजारात देवनागरी स्टिकर म्हणून इनस्क्रिप्टचेही कागद मिळतात आणि जुन्या टाइपरायटरवरून आलेल्या रेमिंग्टन रचनेचेही. पाकिटावर अनेकदा नुसते ‘हिंदी’ किंवा ‘मराठी’ एवढेच छापलेले असते. चुकीचा कागद लावला तर कळीवर दिसते एक आणि पडद्यावर उमटते दुसरेच. पण ही चूक लगेच लक्षात येईलच असे नाही. हिंदी रेमिंग्टन आणि इनस्क्रिप्ट या दोन्हींत एफवर ऱ्हस्व वेलांटी, एसवर एक मात्रा आणि जेवर र आहे. नेमक्या याच कळा दाबून पाहिल्या तर सगळे ठीक आहे असे वाटते. म्हणून पाहायचे ते के आणि डी या कळांकडे. इनस्क्रिप्टमध्ये के या कळीवर क असतो आणि डीवर पाय मोडायची खूण, म्हणजे हलन्त. हिंदी रेमिंग्टनमध्ये डीवर क आणि केवर काना असतो. कागद हातात घेतल्यावर एवढे पाहिले तरी पुरे.

आपल्या संगणकावर काय बसवले आहे हेही एकदा पडद्यावर पाहून घ्यावे. विंडोजमध्ये ‘रन’च्या चौकटीत पुढचा शब्द टाकला की पडद्यावर कीबोर्ड उघडतो. भाषा मराठी केली की त्याच्यावर देवनागरी अक्षरे येतात आणि शिफ्ट दाबली की वरची अक्षरे दिसतात.

```
osk
```

हा पडद्यावरचा कीबोर्ड आणि हातातला कागद ओळीने ताडून पाहा. ॲ हे अक्षर सगळ्या संगणकांवर एकाच जागी मिळत नाही. आपल्याकडे ते कुठे आहे याची नोंद आत्ताच करून ठेवा. छापलेल्या कागदावर त्याच्यासाठी विसंबून राहू नये.

रचनेतला नियम, आणि तो कुठे संपतो

स्टिकर कुठे लावायचा हे ठरवण्याआधी इनस्क्रिप्टची घडण समजून घ्यायला हवी. डाव्या हाताखाली स्वर आहेत आणि उजव्या हाताखाली बहुतेक व्यंजने. मधली ओळ, जिच्यावर बोटे विसावतात, तिच्यात डावीकडून ओकार, मात्रा, हलन्त, ऱ्हस्व वेलांटी, ऱ्हस्व उकार आणि मग प, र, क, त, च, ट येतात. वरची ओळ याच ओळीची जोडीदार आहे. ऱ्हस्व वेलांटीच्या वर दीर्घ वेलांटी, ऱ्हस्व उकाराच्या वर दीर्घ उकार, मात्रेच्या वर दोन मात्रा, ओकाराच्या वर औकार आणि हलन्ताच्या वर काना. उजवीकडे पच्या वर ब, कच्या वर ग, तच्या वर द, चच्या वर ज, टच्या वर ड. म्हणजे प्रत्येक वर्गातले पहिले व्यंजन खाली आणि तिसरे वर. अपवाद एकच आहे: रच्या वर ह येतो.

शिफ्ट दाबली की व्यंजनाचे महाप्राण मिळते. कचा ख, गचा घ, तचा थ, दचा ध. डावीकडे शिफ्टने मात्रेचा पूर्ण स्वर होतो. मात्रेचा ए, वेलांटीची इ, कान्याचा आ, आणि हलन्ताच्या कळीवर अ.

याचा अर्थ असा, की मधल्या ओळीतल्या अकरा कळा ज्याला येतात त्याला वरच्या ओळीतल्या त्यांच्या जोडीच्या अकरा कळा आणि या दोन्ही ओळींतली बहुतेक शिफ्टची अक्षरे तर्काने काढता येतात. तिथे स्टिकर लावणे म्हणजे ज्याला पाढा येतो त्याच्यासमोर उत्तरे लिहून ठेवण्यासारखे आहे.

खालच्या ओळीत मात्र हा नियम संपतो. तिथे एक्सवर अनुस्वार, सीवर म, व्हीवर न, बीवर व, एनवर ल, एमवर स, आणि उजव्या टोकाला तिरक्या रेघेच्या कळीवर य आहे. शिफ्टने मचा ण होतो, लचा ळ, सचा श, आणि स्वल्पविरामाच्या कळीवर ष मिळतो. यातले ल–ळ आणि स–श लक्षात राहतात, पण मवर ण का आणि स्वल्पविरामावर ष का, याचे उत्तर वर्गांच्या क्रमातून निघत नाही. ते पाठच करावे लागते. स्टिकरचे खरे काम इथे आहे.

कोणते लावायचे, कोणते फेकायचे

कागदावर चाळीसहून अधिक स्टिकर असतात. त्यातले मी वीसच लावायला सांगतो. मधल्या ओळीत एफ आणि जे सोडून बाकीच्या नऊ कळा. खालच्या ओळीत एक्स, सी, व्ही, बी, एन, एम, स्वल्पविराम आणि तिरकी रेघ, अशा आठ. शिवाय तीन सुट्या: बरोबरच्या चिन्हाची कळ, कारण ‘कृपा’मधला ऋकार तिथे आहे, उलट्या तिरक्या रेघेची कळ, कारण ‘ऑफिस’मधला ऑ आणि ‘डॉक्टर’मधला ॉ तिथे आहे, आणि दोनची कळ, जिच्यावर शिफ्टने ‘बॅग’मधला चंद्र उमटतो.

वरची ओळ पूर्ण मोकळी ठेवा. झेडचा स्टिकर लावायचे कारण नाही, तिथला ऱ्हस्व ए मराठीत लागत नाही. आकड्यांच्या ओळीत शिफ्टसह ज्ञ, त्र, क्ष, श्र अशी तयार जोडाक्षरे असतात. ती पाहून नवखा माणूस खुश होतो, पण त्यांच्यासाठी हात मधल्या ओळीवरून दूर उचलावा लागतो. त्र म्हणजे त, हलन्त, र. तिन्ही कळा मधल्या ओळीतल्याच आहेत. ‘पत्र’, ‘चित्र’, ‘कुत्रे’ हे पूर्ण शब्द हात मधल्या ओळीवरून न उचलता होतात. क्ष हा क, हलन्त, ष असा होतो. त्या ओळीतले ते चार स्टिकर फेकून द्या.

एफ आणि जे का वगळले ते सांगतो, कारण बहुतेकांच्या हातून इथेच गडबड होते. या दोन कळांवर एक बारीक उंचवटा असतो आणि न बघता टाइप करणाऱ्याची तर्जनी त्याच उंचवट्यावरून आपली जागा ओळखते. स्टिकर वर आला की उंचवटा दबतो आणि कधी स्टिकरची कडाच उंचवट्यासारखी लागते. मग दोन्ही हात एक कळ बाजूला सरकून बसतात आणि ‘तोच’ऐवजी भलतेच काही उमटते. पूर्ण शब्द निरर्थक आला पण बोटांचा ठेका बरोबर होता, असे झाले तर हात सरकला आहे असे समजावे. या दोन कळांवरची अक्षरे विसरण्याची भीतीही नाही. ऱ्हस्व वेलांटी आणि र या सतत लागणाऱ्या कळा आहेत आणि बोट तिथेच बसलेले असते.

घेताना आणि लावताना

पारदर्शक स्टिकर घ्यावेत, ज्यांवर फक्त देवनागरी अक्षरे असतात आणि खालची इंग्रजी अक्षरे दिसत राहतात. अपारदर्शक स्टिकरवर इंग्रजीही छापलेले असते, पण वीसच कळांवर लावल्यावर कीबोर्ड ठिगळे लावल्यासारखा दिसतो, आणि कळांखाली दिवे असलेल्या कीबोर्डवर ते उजेड अडवतात. काळ्या कळांसाठी अक्षरांचा रंग पांढरा किंवा पिवळा असावा. गडद लाल किंवा निळा रंग दिव्याखाली वाचता येत नाही.

अक्षराचा आकार दुकानात नीट पाहावा. एका स्टिकरवर वरखाली दोन अक्षरे असतात आणि बाजूला इंग्रजीसाठी जागा सोडलेली असते, त्यामुळे छपाई फार बारीक होते. खालचे, म्हणजे शिफ्टशिवायचे अक्षर ठळक आणि वरचे लहान, अशी छपाई सर्वांत सोयीची. भ आणि म, ब आणि व ही अक्षरे छोट्या छपाईत एकमेकांसारखी दिसू लागतात. घ आणि ध तर शेजारशेजारच्या कळांवर, आय आणि ओवर आहेत. तिथे स्टिकर न लावण्याला हेही एक कारण आहे: तर्काने घ काढणारा माणूस ग शोधतो आणि शिफ्ट दाबतो, बारीक छपाई वाचणारा मात्र क्षणभर अडखळतो.

लावण्याआधी संगणक बंद करावा. मऊ फडक्यावर थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन कळा पुसाव्यात, थेंब थेट कळांवर सोडू नयेत. बोटांचा तेलकटपणा राहिला तर स्टिकरचे कोपरे लवकर उचलतात. पूर्ण वाळल्यावर स्टिकर चिमट्याने धरून आधी कळीची वरची कड जुळवावी आणि मग खाली दाबत आणावा. बोटाने धरलेल्या स्टिकरच्या गोंदाला तिथेच तेल लागते. कळीचा माथा खोलगट असेल तर मधून कडांकडे दाबत जावे. कोणतीही कड कळीच्या बाहेर येता कामा नये. ती शेजारच्या कळीला घासते आणि कळ सावकाश वर येते. एखादे अक्षर आपोआप दोनदा उमटू लागले किंवा कळ चिकट वाटू लागली, तर आधी स्टिकरची कड तपासावी.

बघितल्याने वेग कमी होतो का?

नुसती नजर खाली गेल्याने लागणारा वेळ क्षणाचा असतो. नुकसान दुसऱ्या ठिकाणी होते. समोर कागद ठेवून नक्कल करत असाल तर डोळे बोटांच्या काही अक्षरे पुढे वाचत असतात. नजर कळांकडे गेली की ते पुढचे वाचन तुटते आणि परत आल्यावर ओळीतली जागा शोधावी लागते. शिवाय त्या वेळात पडद्याकडे कोणाचेच लक्ष नसते. मराठीत याचा त्रास जास्त होतो, कारण हलन्त राहिला किंवा वेलांटी चुकीच्या अक्षराला लागली तर चूक पडद्यावरच दिसते, कळीवर नाही.

उलट, स्वतःच्या मनातले लिहिताना माणूस तसाही वाक्य जुळवत थांबतो. त्या थांब्यात नजर खाली गेली तर काही बिघडत नाही. फिनलंडमधल्या आल्टो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली टाइप करणाऱ्यांच्या हातांचे आणि नजरेचे बारकाईने निरीक्षण केले. पद्धतशीर टच टायपिंग न शिकलेली काही माणसे शिकलेल्यांइतक्याच वेगाने टाइप करत होती, मात्र ती आपल्या हातांकडे बरीच जास्त वेळ बघत होती. तेव्हा बघणारा हळूच असतो, असे ठोकून सांगता येत नाही. नक्कल करायची असेल, किंवा लिहितानाच पडद्यावर दुरुस्ती करत जायचे असेल, तर मात्र ही सवय महागात पडते.

शिकणाऱ्याच्या बाबतीत त्याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे. बोटांना असलेली माहिती आणि डोळ्यांसमोर असलेला नकाशा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१४ साली अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात सराईत टाइप करणाऱ्यांना कोरा कीबोर्ड देऊन त्यात इंग्रजी अक्षरे भरायला सांगितले, तेव्हा त्यांना २६ पैकी सरासरी १५च्या आसपास अक्षरे बरोबर भरता आली. त्यांची बोटे मात्र टाइप करताना बहुतेक अक्षरे बरोबर गाठत होती. स्टिकरकडे पाहत राहिल्याने नकाशा पाठ होईल, बोट तयार होईलच असे नाही. ण हवा असताना तो कुठे आहे हे आठवण्याचा प्रयत्न झाला तर बोट शिकते. प्रयत्नाआधीच नजर खाली गेली तर ती संधी जाते.

म्हणून मी एकच नियम सांगतो: आधी दाबा, मग पाहा. अक्षर आठवत नसेल तरी अंदाजाने कळ दाबायची आणि पडद्यावर काय आले ते पाहायचे. चुकले तर खाली बघून बरोबर कळ शोधायची, नजर पुन्हा पडद्यावर आणायची आणि तेच अक्षर न बघता पुन्हा दाबायचे. सुरुवातीला हे कंटाळवाणे वाटते, आणि त्याच वेळी स्टिकर वाचत वाचत टाइप करणारा शेजारी तुमच्या पुढे असतो. त्याच्याकडे दुर्लक्ष करा.

एका वाक्यावर पडताळणी

‘दुसऱ्या खोलीत कोण आहे’ हे वाक्य घेऊ. कळांचा क्रम असा होतो. मोठे अक्षर म्हणजे शिफ्टसह:

```
दुसऱ्या   o g m J d / e
खोलीत   K a n r l
कोण     k a C
आहे      E u s
```

मधल्या जागा सोडल्या तर अठरा कळा. आता कोणत्या कळीसाठी नजर खाली जाणे समजण्यासारखे आहे ते पाहू. द हा तच्या वर, त्यासाठी नाही. ख म्हणजे शिफ्टसह क, नाही. दीर्घ वेलांटी ऱ्हस्वाच्या वर, नाही. आ म्हणजे शिफ्टसह काना, नाही. ह हा अपवाद, पहिले काही दिवस चालेल. स आणि ल खालच्या ओळीतले, तेही सुरुवातीला चालतील. ‘ऱ्या’तला र साधा र नाही, तो शिफ्टसह जे आहे आणि जेवर आपण स्टिकर लावलेलाच नाही, म्हणून तो पाठच करायचा. य उजव्या करंगळीला खाली ओढून घ्यावा लागतो, तिथे बहुतेकांची नजर जाते. आणि ‘कोण’मधला ण. म्हणजे अठरांपैकी फार तर पाच ठिकाणी नजर जायला कारण आहे.

स्वतःची नजर मोजायची असेल तर फोन पडद्याशेजारी ठेवून आपल्या चेहऱ्याचे चित्रण करावे आणि असे एक वाक्य दहा वेळा टाइप करावे. मग चित्रण पाहून नजर कितीदा आणि कोणत्या अक्षराला खाली गेली ते लिहून काढावे. क, त, मात्रा अशा अक्षरांनाही नजर खाली जात असेल, तर तो गरजेचा भाग नाही, सवय आहे. त्या कळांवरचे स्टिकर लगेच काढा. नजर फक्त य आणि ण यांनाच जात असेल तर काम ठीक चालले आहे.

वेलांटीबद्दल एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. ‘कि’ लिहिताना हाताने आपण आधी वेलांटी काढतो, इनस्क्रिप्टमध्ये मात्र आधी क आणि मग वेलांटी दाबायची. रफारही तसाच. ‘तर्क’ म्हणजे त, र, हलन्त, क, आणि ‘चक्र’ म्हणजे च, क, हलन्त, र. स्टिकर कळीची जागा दाखवतो, क्रम दाखवत नाही. बऱ्याच शिकणाऱ्यांची जी चूक ‘कळ सापडत नाही’ म्हणून सांगितली जाते, ती प्रत्यक्षात क्रमाची असते.

काढायचे कसे आणि कोणत्या क्रमाने

पहिल्यांदा मधली ओळ मोकळी करावी, तीही एकदम नाही. आधी क, त, प, मग मात्रा, ओकार, उकार, नंतर च, ट, आणि शेवटी हलन्त. हलन्ताचा स्टिकर शेवटी ठेवायचे कारण म्हणजे त्याला स्वतःचा आवाज नाही, म्हणून तो जोडाक्षराच्या मध्ये आठवायला सर्वांत अवघड जातो. कोणता स्टिकर काढावा याची माझी कसोटी सोपी आहे: ते अक्षर सलग दहा वेळा न बघता बरोबर आले की स्टिकर काढायचा. तारखा ठरवून काढू नये.

मधली ओळ मोकळी झाल्यावर रोज फक्त तिच्याच अक्षरांचे शब्द काही मिनिटे लिहावेत: परत, टोक, करतो, कुत्रे, तर्क, शिफ्टसह थेट, ओठ, फोटो, खोटे. हात रुमालाने झाकून केले तर आणखी चांगले.

खालच्या ओळीतले म, न, स, ल हे स्टिकर यानंतर. अनुस्वार आणि व हेही फार काळ लागत नाहीत. य, ण आणि ष कितीही दिवस राहू द्या. ऋकार, ऑ आणि चंद्र यांचे स्टिकर तर कधीच काढले नाहीत तरी चालते. ती अक्षरे इतक्या विरळ येतात की बोटाला सराव मिळत नाही, आणि पानात दोनचार वेळा नजर खाली गेल्याने वेगात काहीच फरक पडत नाही.

जुना स्टिकर ओढून काढू नये, कळीचा माथाच उचलला जाऊ शकतो. केस वाळवायच्या यंत्राची कोमट हवा काही क्षण दिली की गोंद सैल होतो. मग एका कोपऱ्यापासून सावकाश, कळीला जवळजवळ समांतर ओढत काढावा. मागे राहिलेला गोंद बोटाने घासू नये, तो पसरतो आणि धूळ धरतो. अल्कोहोल लावलेल्या फडक्याने पुसला की निघतो. काही छापील कळांवर इंग्रजी अक्षराची छपाईही त्याने फिकी होते, म्हणून आधी झेडसारख्या कमी वापरातल्या कळीवर पुसून पाहावे.